वडिलोपार्जित जमिनीची वाटणी: आमच्या घरचा हिशेब

आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावावर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दोन गट होते. ओढ्याकडचा बागायत गट १ हेक्टर ५० आर आणि माळावरचा जिरायत गट ९० आर, असे लागवडीखालचे एकूण २ हेक्टर ४० आर क्षेत्र. अण्णा २००९ साली मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या मागे आई, दादा, ताई, मी आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसे राहिली. वारस नोंद झाली ती मात्र गावातल्या जुन्या वहिवाटीप्रमाणे: आई व दोघे भाऊ सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी, आणि ताईचे व माझे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात. सोसायटीच्या कर्जाचा बोजाही त्याच रकान्यात लिहिलेला होता, त्यामुळे उतारा वाचणाऱ्याला आम्ही दोघी बहिणी जमिनीवरचे ओझे आहोत असेच वाटले असते.

पंधरा वर्षे याबद्दल कोणी काही बोलले नाही. २०२४ साली दादाच्या मुलाला ठिबकसाठी बँकेचे कर्ज हवे होते आणि त्यासाठी स्वतंत्र खाते पाहिजे होते, म्हणून खातेफोडीचा विषय निघाला. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायचा, तर सर्व हिस्सेदारांची संमती लागते. इतर हक्कात का होईना, आमची नावे असल्यामुळे आमच्या सह्यांशिवाय कागद पुढे सरकेना. मग दादा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन ताईकडे आणि माझ्याकडे आला. ‘तुमचं माहेर काही कुठं जात नाही’ हे वाक्य त्याने दोन्ही घरी सारखेच म्हटले.

ताई सही करायला तयार होती. मी तिला एवढेच म्हटले की, सोडायचे असेल तर सोडू, पण आधी काय सोडतो आहोत ते कळू दे. हक्कसोडपत्र हा नोंदणीकृत दस्त असतो आणि एकदा नोंदला की केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असे म्हणायचे, तर ते न्यायालयात सिद्ध करावे लागते. शिवाय दादाच्या मसुद्यात हक्क फक्त त्याच्या लाभात सोडला होता. म्हणजे आम्ही दोघींनी सह्या केल्या असत्या तर आमचा वाटा धाकट्याला किंवा आईला न जाता सगळा एकट्या दादाकडे गेला असता, आणि ही गोष्ट धाकट्यालाही ठाऊक नव्हती.

ज्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो त्यांनी कायद्याचे बोलणे पहिल्या भेटीत काढलेच नाही. त्यांनी कागदांची यादी दिली: दोन्ही गटांचे जुने सातबारे, त्यावर आलेले सगळे फेरफार, गट पडण्यापूर्वीच्या सर्व्हे नंबरांचे उतारे आणि आजोबांच्या मृत्यूची नोंद. जमीन ‘वडिलोपार्जित’ आहे असे घरात सगळेच म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने तसे म्हणायला ती कोणाकडून, केव्हा आणि कशी आली हे दाखवावे लागते. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली जमीन १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारसाने वडिलांना मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतःची मिळकत धरली जाते आणि तिच्यात मुलामुलींना जन्मतः हक्क येत नाही. अशी मिळकत वडील मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात. याउलट जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर वडिलांना फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार मिळवायला बराच वेळ गेला. मोडी अक्षरातली एक नोंद वाचून घ्यावी लागली. त्यातून निघाले ते असे: जमीन पणजोबांकडून आजोबांकडे आली होती, आजोबा १९५४ साली वारले, आजी त्यांच्याही आधी गेल्या होत्या आणि अण्णा हे त्यांचे एकुलते एक मुलगे होते. वकीलबाईंनी १९५४ या आकड्याखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. आजोबा १९५६ चा कायदा येण्यापूर्वी गेले, त्यामुळे एकत्र कुटुंबाची जमीन मागे राहणाऱ्या पुरुषाकडे जाण्याच्या जुन्या नियमाने सगळी अण्णांकडे आली. आजोबा दोन-तीन वर्षे अधिक जगले असते, तर त्यांच्या हिश्श्याला दोन्ही आत्याही वारस ठरल्या असत्या आणि आज त्यांच्या मुलांनाही वाटणीत बसवावे लागले असते. घरोघरी ‘आम्ही फक्त चौघे भावंडे’ असे समजून वाटणीला बसतात आणि मधल्या पिढीतल्या अशा एखाद्या मृत्यूच्या तारखेमुळे पुढे सगळे अडते, असे त्या म्हणाल्या.

यानंतरच्या बैठकीत दादाने, त्याच्या वकिलांनी सांगितल्याप्रमाणे, तीन हरकती मांडल्या. तिन्ही हरकती तारखांवर उभ्या होत्या, आणि अशा हरकती आमच्याकडे पुष्कळ घरांत निघत असतील असे वाटते म्हणून त्या जरा सविस्तर लिहिते.

पहिली हरकत ताईच्या लग्नाची. ताईचे लग्न १९८९ मध्ये झाले आणि माझे १९९७ मध्ये. महाराष्ट्राने मुलींना सहदायिकीचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मतः, हक्क देणारी दुरुस्ती देशाच्या आधी, २२ जून १९९४ पासून लागू केली होती हे खरे, पण त्या दुरुस्तीत त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. ‘म्हणजे तुला मिळेल, ताईला नाही,’ असे दादा मला म्हणाला. आम्हा दोघींना वेगळे पाडायचा हेतू त्यात होता की नाही ते मी सांगू शकत नाही, पण परिणाम तोच झाला असता. याचे उत्तर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ च्या नव्या रूपाप्रमाणे सहदायिकाची मुलगी जन्मानेच, मुलासारखीच, सहदायिक होते. लग्न झाले की नाही, केव्हा झाले, याची कोणतीही अट त्यात नाही. म्हणून १९९४ ची अट २००५ नंतरच्या वाटणीत ताईच्या आड येत नाही.

दुसरी हरकत एका कागदाची. २००२ साली अण्णा, दादा आणि धाकटा यांनी शंभराच्या स्टँपवर घरगुती वाटणी लिहून ठेवली होती: ओढ्याकडचा गट दादाला, माळ धाकट्याला, अण्णा-आईला पोटगीपुरते धान्य. त्या कागदात आमचा उल्लेखही नव्हता. कायद्यात असे आहे की २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला किंवा विक्रीला नव्या दुरुस्तीने धक्का लागत नाही. दादाचे म्हणणे एवढेच होते की वाटणी २००२ ची आहे, विषय संपला. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘वाटणी’ म्हणजे काय तेही सांगितले आहे: नोंदणीकृत दस्ताने झालेली किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. आमचा कागद नोंदवलेला नव्हता. ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य करू नये असे सांगितले, आणि अपवाद ठेवला तो सार्वजनिक कागदपत्रांचा ठोस आधार असलेल्या वाटणीपुरता. तसा आधार आमच्याकडे आहे का हे पाहायला वकीलबाईंनी २००२ ते २००९ चे सातबारे ओळीने मांडले. सगळ्यांवर कब्जेदार म्हणून एकटे अण्णा होते, पीकपाहणीत अण्णाच होते, आणि २००४ साली सोसायटीचे पीककर्ज त्यांनी संपूर्ण क्षेत्रावर स्वतःच्या सहीने उचलले होते. वाटणी खरोखर झाली असती तर वाटून दिलेल्या जमिनीवर अण्णांनी कर्ज कसे काढले, या प्रश्नाला दादाकडे उत्तर नव्हते. दादाचे वकीलही त्यानंतर या कागदाबद्दल फारसे बोलले नाहीत.

याच अनुषंगाने ताईने एक विचारले, ते नोंदवते. अण्णांनी २००१ मध्ये रस्त्याकडचे ४० आर नोंदणीकृत खरेदीखताने विकले होते. त्यातही आपला वाटा होता का? ती विक्री २० डिसेंबर २००४ च्या आधीची असल्याने मुलींच्या नव्या हक्काच्या जोरावर तिला हात लावता येत नाही. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

तिसरी हरकत हिशेबाची होती, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात नकार नव्हता. होता तो चुकीचा होकार. दादाच्या वकिलांनी बहिणींचा हिस्सा मान्य केला, पण विसावा. त्यांचा हिशेब असा होता: अण्णा वारले त्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे. वाटणीत अण्णा, आई आणि दोन मुलगे असे चौघे. २४० आराचे चार भाग, प्रत्येकी ६०. मग अण्णांचे ६० आर त्यांच्या पाच वारसांत, प्रत्येकी १२. म्हणजे आईला ७२, दोन्ही भावांना ७२-७२ आणि आम्हाला बारा-बारा आर. ही पद्धत मनाने काढलेली नव्हती. गुरुपाद खंडाप्पा मगदूम या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाखाली हिस्से असेच काढले होते, आणि पुष्कळ लोकांच्या डोक्यात अजून तेच गणित आहे. जुन्या कायद्यात मुलगी सहदायिक नव्हती. वडिलांच्या वाट्याला आलेल्या तुकड्याची वारस एवढेच तिचे स्थान होते.

नव्या कलमाखाली तीच कल्पित वाटणी करायची, पण टेबलाभोवती आम्हा दोघींनाही बसवून. अण्णा, आई, दोन मुलगे, दोन मुली असे सहा जण; २४० आराचे सहा भाग, प्रत्येकी ४०. अण्णांचे ४० आर पाच वारसांत, प्रत्येकी ८. चाळीस अधिक आठ म्हणजे अठ्ठेचाळीस, आणि ते पाचही जणांना सारखे. बारा आर आणि अठ्ठेचाळीस आर यांतला फरक वकीलबाईंनी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडून दाखवला, तेव्हा धाकट्याने तो कागद उचलून खिशात ठेवला. तोवर तो गप्प होता. त्या दिवसापासून तो आमच्या बाजूने बोलू लागला असे नाही, पण दादाच्या बाजूने बोलायचे मात्र थांबला. अण्णांनी सगळे मुलांना देणारे मृत्युपत्र केले असते, तरी ते त्यांच्या ४० आरापुरतेच चालले असते आणि आमचे प्रत्येकी ४० आर शाबूत राहिले असते, हेही त्याच हिशेबावरून कळते.

या हिशेबात आईचा हिस्सा आला, याचे सर्वांत जास्त आश्चर्य आईलाच वाटले. दादाच्या मूळ प्रस्तावात ती ‘सांभाळायची’ व्यक्ती होती. आपल्याकडच्या मिताक्षरा परंपरेत आई वाटणी मागू शकत नाही, पण वाटणी झाली तर तिला मुलाइतका वाटा मिळतो. हे जुनेच आहे, २००५ शी त्याचा संबंध नाही. आपला वाटा वेगळा काढायचा की दादाच्या वाट्यात ठेवायचा, असे तिला विचारले. ‘वेगळा काढा. मग मी ठरवीन,’ ती म्हणाली.

राहत्या घराचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. जुन्या कायद्यात कलम २३ होते: पुरुष वारस वाटणी मागेपर्यंत मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम २००५ मध्ये काढून टाकले आहे, म्हणून मागायचे म्हटले असते तर आम्ही घरही मागू शकत होतो. आई तिथे राहते, म्हणून घर तिच्या हयातीत अविभक्त ठेवायचे ठरले. मात्र ते विसरून राहिले असे कोणी पुढे म्हणू नये, म्हणून ‘घर व अंगण सर्व पाच जणांच्या सामाईकीत राहील’ हे वाक्य वाटणीपत्रात मुद्दाम घातले.

कागदावर पाचवा हिस्सा ठरणे आणि रानात पाच हिस्से पाडणे यांत बरेच अंतर आहे. प्रत्येकाला ४८ आर द्यायचे तर कोणाचे? ओढ्याकडचा गट विहिरीचा, उसाचा. माळावर पावसावर ज्वारी आणि हरभरा. गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन आम्ही आधी मोबदल्याचे प्रमाण ठरवले: बागायताचा एक आर म्हणजे जिरायताचे दोन आर. यावर दादा आणि धाकटा यांची आपसात जितकी घासाघीस झाली तितकी आमच्याशीही झाली नव्हती. या प्रमाणाने बागायताचे १५० आर म्हणजे ३०० आणि जिरायताचे ९०, मिळून ३९० वजन झाले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ७८ आले. सगळे बागायत घेणाऱ्याला ३९ आर, सगळे जिरायत घेणाऱ्याला ७८ आर.

जमीन स्वतः कसणारे दोघे भाऊ, आणि आई, यांनी ओढ्याकडे प्रत्येकी ३९ आर घ्यायचे ठरले. तिथले ३३ आर आणि माळाचे ९० आर आम्हा बहिणींसाठी उरले. हिशेब नेमका जुळत होता: मला माळावर ७८ आर, ताईला ओढ्याकडचे ३३ आणि माळावरचे १२ आर. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मोजणीचा अर्ज लिहायला घेतला, तेव्हा वकीलबाईंनी हात वर केला. तुकडेबंदी कायद्याखाली आमच्याकडे जिरायतासाठी प्रमाणभूत क्षेत्र २० आर आणि बागायतासाठी १० आर आहे. वाटणीतूनही त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही, त्यामुळे माळावरचा १२ आराचा तुकडा बसत नव्हता. भावाबहिणींनी आपसात ठरवून, सह्या करून आणलेल्या वाटण्या दस्ताच्या वेळी अडकतात त्या अशा.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे दोन्ही गट आम्हा बहिणींत पुन्हा वेगळ्या प्रमाणात फोडायचे, उदाहरणार्थ मला ११ आर बागायत व ५६ आर जिरायत, ताईला २२ व ३४. वजन दोघींचेही ७८ होते आणि प्रत्येक तुकडा मर्यादेच्या वर होता. पण त्यात ओढ्याकडच्या गटाचे पाच भाग झाले असते आणि शेवटची पट्टी इतकी अरुंद झाली असती की तिच्यात ट्रॅक्टर वळला नसता. दुसरी वाट अशी की माळाचा गट अखंड मी घ्यायचा, ओढ्याकडचे ३३ आर ताईने, आणि माझ्याकडे जादा आलेल्या १२ आर जिरायताची किंमत मी ताईला द्यायची. आम्ही हीच वाट धरली. दर आरास ३०,००० रुपये असा त्या माळाचा चालू भाव सगळ्यांनी मान्य केला, आणि ३,६०,००० रुपये मी ताईच्या खात्यावर भरले. रक्कम कशासाठी दिली ते वाटणीपत्रात स्पष्ट लिहिले, नाहीतर पुढे ती विक्रीची किंमत आहे की उसनवार आहे यावर कोणीही वाद काढू शकेल. माळाचा गट न फुटल्यामुळे त्याची पोटहिस्सा मोजणीही लागली नाही.

ओढ्याकडच्या गटाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घेतली आणि दस्ताच्या आधी करून घेतली. बरेच जण आधी दस्त करतात, ‘उत्तरेकडील ३९ आर’ असे लिहितात, आणि मग मोजणीत गट प्रत्यक्षात कमी भरतो किंवा शेजाऱ्याचा बांध आत आलेला निघतो. आमच्याकडेही एका बाजूला बांध थोडा सरकलेला होता. शेजाऱ्यांना मोजणीची नोटीस गेलेली असल्यामुळे ते हजर होते आणि त्यांनी खुणा मान्य केल्या. मोजणीच्या नकाशावर चार पोटहिस्से, त्यांना जाणारी बांधालगतची दहा फुटी वाट आणि विहीर दाखवली. विहीर आईच्या वाट्यात, पोटखराब्यात आली. तिच्या पाण्यावर चारही तुकड्यांचा सारखा हक्क राहील, तो हक्क जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाईल, आणि पाइपलाइन दुरुस्तीसाठी कोणाच्याही रानातून जायला अडवता येणार नाही, असे तीन वेगळे परिच्छेद दस्तात आले. माझ्या मते त्या दस्तात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा भाग हाच आहे.

सोसायटीचा बोजा शेवटपर्यंत डोकेदुखी होता. कर्ज दादाच्या नावावर, पण बोजा दोन्ही गटांवर. काही कर्ज विहिरीच्या मोटारीसाठी काढलेले होते, ते कुटुंबाचे म्हणून पाचही जणांनी वाटून घेतले. उरलेले दादाच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचे होते, ते दादाने स्वतः फेडायचे मान्य केले. इथे वहिनींनी, ‘लग्नात तुम्ही सगळे जेवलात ना?’ असे विचारले, आणि त्याला माझ्याकडे आजही चांगले उत्तर नाही. सोसायटीचा कर्ज फिटल्याचा दाखला आला, बोजा कमी झाल्याचा फेरफार पडला, तेव्हाच आम्ही दस्ताला हात घातला.

कलम ८५ चा अर्ज सोडून नोंदणीकृत वाटणीपत्र करण्याचा आग्रह वकीलबाईंचा होता. घर अविभक्त ठेवणे, ताईला दिलेली रक्कम, पाण्याचे हक्क हे सगळे एका दस्तात बांधता येते, आणि २००२ च्या कागदासारखा कागद पुन्हा कोणी पुढे करू शकत नाही. तहसीलदारांसमोर मालकीचाच वाद निघाला, तर ते प्रकरण थांबवून दिवाणी न्यायालयाची वाट दाखवतात. तिथे आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, आणि शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी तरीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच करून घ्यावी लागते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असते. आम्हाला जाणवली ती नोंदणी फी, कारण तेव्हा ती मूल्याच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये अशी होती. पुढे मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा धाकट्याने पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

दस्तावर पाच जणांच्या सह्या तर होत्याच, पण दोन्ही भावांच्या सज्ञान मुलामुलींच्या सह्याही ‘संमती देणार’ म्हणून घेतल्या. भावांच्या मुलांना त्यांच्या बापाच्या वाट्यात जन्मतः हक्क आहे. तो आमच्या वाट्यातून येत नाही, शाखेप्रमाणेच चालतो. पण ‘आम्हाला विचारले नाही’ असा दावा वीस वर्षांनी उभा राहू नये, म्हणून ही खबरदारी. यात दादाच्या लग्न झालेल्या मुलीचीही सही होती. तिला बोलवायला हवे हे दादाला पटवून द्यावे लागले नाही. त्याने स्वतःच तिला फोन केला.

दस्त नोंदल्यावर माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून ऑनलाइन तलाठ्याकडे गेली, सर्वांना नोटिसा निघाल्या, आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. ‘इतर हक्का’तली नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी वेगळे अपील करावे का, असा विचार आम्ही सुरुवातीला केला होता. वकीलबाईंनी तो नको म्हटले होते. सातबारा हा महसुलाचा दाखला आहे, मालकी त्याने निर्माण होत नाही आणि चुकीच्या रकान्यामुळे जातही नाही. वाटणीपत्राच्या फेरफाराने आमची नावे कब्जेदार सदरी आपोआप येणार होती, आणि तशी ती आली.

ताईचे ३३ आर आता धाकटा वाट्याने करतो. तोंडी ठरवले तर पुढे कुळाचा प्रश्न निघू शकतो, म्हणून दोघांनी दर वर्षी नवा लेखी करार करायचे ठरवले आहे. माझ्या माळावर सध्या हरभरा आहे. आईने तिच्या ३९ आराचे मृत्युपत्र अजून केलेले नाही. ते न करता काही झाले, तर तिचा वाटा आम्हा चौघांना सारखा येईल हे तिला सांगितले आहे, आणि ओढ्याकडे त्याचे चार भाग पाडायचे म्हटले तर प्रत्येकाला दहा आराहून कमी येईल, हेही. विहिरीच्या मोटारीचे वीजबिल अजून दादाच्या नावावर येते. जोडणी चौघांच्या नावे करण्याचा अर्ज दिला आहे. तोवर बिल चार भागांत वाटायचे की ज्याने जितके तास पाणी घेतले त्याप्रमाणे, यावर दादा आणि धाकटा यांचे एकमत झालेले नाही.